फ्रिजमध्ये सदैव चार अंश

‘महोदय, आपल्या नोटिशीचा पूर्ण आदर राखून कळवतो की, नोटीस मिळताच सर्व त्रुटी तात्काळ व कायमस्वरूपी दूर करण्यात आल्या आहेत. सोबत फोटो जोडला आहे. कळावे, लोभ असावा.’

आमच्या चाळीसगावात स्टेशनाच्या अंगाला शेवभाजीचं एक छोटंसं हॉटेल आहे. त्याचे मालक आप्पा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या तपासणीनंतर त्यांच्या नावे सुधारणा नोटीस निघाली आणि तिला त्यांनी स्वहस्ते लिहिलेलं हे संपूर्ण उत्तर. त्रुटी एकूण सात, उत्तर तीन ओळींचं, आणि त्यातही ‘लोभ असावा’. मला ते फक्त शुद्धलेखनासाठी दाखवायला आणलं होतं.

जोडलेला फोटो मात्र बघण्यासारखा होता. ओटा धुतलेला, गणपतीच्या तसबिरीला ताजा हार आणि मधोमध आप्पा. डोक्यावर टोपी, हातात मोजे. त्याच मोज्यांनी एका हातात डाव धरलेला आणि दुसऱ्या हातात गल्ल्यातल्या नोटा. मी विचारलं, ‘मोजे घालून नोटा का मोजताय?’ ते म्हणाले, ‘नोटा लई घाण राहतात भो. हाताला लागायला नको.’ आप्पांना स्वच्छता कळत नाही असं म्हणण्याची सोय नाही. ती कोणाची राखायची, एवढाच प्रश्न आहे.

अशी नोटीस अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खाली येते. काय चुकलं, काय करायचं आणि किती दिवसांत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. ऐकलं नाही तर परवाना निलंबित होतो, त्यापुढे रद्दही होतो. लोकांच्या आरोग्याला धोका दिसला तर लेखी कारण नोंदवून लगेच निलंबन करता येतं. आप्पांनी यातलं फक्त ‘चौदा दिवस’ वाचलं आणि तेरा दिवस निवांत काढले. चौदाव्या दिवशी फोटो काढला.

बाकी त्रुटी लवकर उरकल्या. कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखले वर्षभरापूर्वीचे होते, ते नव्याने काढले. पाण्याचा तपासणी अहवाल नव्हता, नमुना प्रयोगशाळेत दिला आणि पावती जोडली. भजी वर्तमानपत्रात बांधून देऊ नयेत, हे मात्र आप्पांना पटेना. २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली आहे. गरम तेल शाई सोडवतं आणि ती भज्याबरोबर पोटात जाते. आप्पांचा सवाल होता, ‘मग तुमचं सदर लोकं वाचतीन कधी?’ प्रश्न बिनतोड होता. गावातला माझा निम्मा वाचकवर्ग मिरचीच्या भज्यांनीच जमवला आहे. तरीही मी साधा पांढरा, खाण्याच्या वेष्टनाचा कागद आणायला लावला. साहित्यासाठी एवढा त्याग मी तरी पहिल्यांदाच केला.

तेलाबद्दल त्यांनी कायदा वाचला होता. दिवसाला पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी वापराची नोंदवही ठेवायची असते. आप्पांना तेवढं लागत नाही, म्हणून कढईतलं काळं तेल आपोआप कायदेशीर झालं असा त्यांचा समज. नोंदवहीची सूट वेगळी आणि तेलाची मर्यादा वेगळी. वारंवार तापवून तेलात जे ध्रुवीय घटक साठतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लहानमोठ्या सगळ्यांना आहे. आप्पांची पद्धत घरोघरी असते तीच: कढई कधी रिकामी करायची नाही, कमी झालं की वरून ‘वाढवायचं’. त्यामुळे तिच्या तळाशी कोणत्या सालचं तेल आहे हे सांगायला पुरातत्त्व खातंच लागेल. पाटणादेवीला शिलालेख वाचायला येणारी मंडळी वाटेत इथेही थांबू शकतात.

पण खरी लढाई झाली ती रश्शावर.

नोटिशीत वाक्य होतं, ‘शिजवलेला रस्सा दुपारनंतर खोलीच्या तापमानात ठेवलेला आढळला.’ आप्पांचा दिनक्रम असा: सकाळी कांदा-खोबरं भाजून वाटण, काळा मसाला, चाळीस लिटरचं पातेलं. दुपारचं जेवण तीनला आटोपलं की गॅस बंद, वर झाकण. सात वाजता गिऱ्हाईक आलं की त्यातच गरम पाणी ओतायचं, एक उकळी आणायची आणि वाढायला सुरुवात.

‘उकयेल रस्सामा कोनता जंतू जित्ता ऱ्हाई भो?’ हा आप्पांचा युक्तिवाद. ऐकायला सुरेख आहे, पण काही जंतू उकळीतही बीजरूपाने तग धरतात. रस्सा साठ अंशांच्या खाली उतरला की ती बीजं जागी होतात आणि कोमट रश्शात झपाट्याने वाढतात. काही जंतू तर असं विष मागे ठेवतात, जे संध्याकाळच्या उकळीनेही जात नाही. रस्सा आंबत नाही, वास मारत नाही, चवही तीच लागते. म्हणून ‘मी स्वतः चाखून बघतो’ हे आप्पांचं वाक्य पत्रातून काढावं लागलं.

उपाहारगृहांच्या तपासणीचे आकडे सरळ आहेत. शाकाहारी पदार्थ वाढेपर्यंत ६५ अंशांवर गरम ठेवायचा. थंड करून ठेवायचा असेल तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर आणखी दोन तासांत आणायचा. परत गरम करताना आतपर्यंत ७५ अंश, निदान दोन मिनिटं. आणि गरम पाणी ओतून गरम करणं चालत नाही. हे शेवटचं वाक्य वाचल्यावर आप्पा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. अख्ख्या खानदेशाच्या शेवभाजीचा धंदा त्या तांब्याभर पाण्यावर उभा आहे.

आता हे २१ अंश चाळीसगावात आणायचे कुठून? मे महिन्यात भट्टीशेजारच्या खोलीत चाळीसच्या वर पारा असतो. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चहाला पुरेल इतकं तापलेलं. म्हणजे ‘खोलीच्या तापमानात’ ठेवलेला रस्सा जन्मात २१ वर येत नाही. तो जंतूंना सोसेल अशा उबेत बसून राहतो. त्यात आपली तर्री. तेलाचा तो लाल थर वाफ बाहेर जाऊ देत नाही. वाफेबरोबर जाणारी उष्णताही आतच कोंडते, रस्सा गोधडी पांघरून झोपतो. पातेलं खोल, मधला रस्सा काठापासून दूर. तसंच उचलून फ्रिजमध्ये घातलं तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो आणि शेजारचं दहीही गरम होतं.

आप्पा म्हणाले, ‘मग थर्मामीटर आणतो.’ आणला. तापाचा. त्यातला पारा ४२ च्या पुढे जात नाही, हे त्यांनी तो रश्शात बुडवल्यावर कळलं. मग टोकदार सळईचा, अन्नात खुपसायचा आणला. तो खरा आहे का हे बघायला भांडंभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, ढवळून दोन मिनिटं. शून्य दाखवलं पाहिजे. ही तपासणी दर आठवड्याला कोण करणार, हे पत्रात नावानिशी लिहिलं.

आम्ही प्रयोगही केला. पाच लिटर रस्सा पसरट परातीत, जेमतेम दोन बोटं उंच, परात बर्फाच्या पाण्यात ठेवलेली, मधून मधून ढवळून. दोन तासांच्या आत २१ च्या खाली आला. उरलेल्या पातेल्यात सळई घातली, तर तर्रीखाली ६४. पण चाळीस लिटरला आठ पराती आणि रोज बर्फाची लादी परवडेल का? नाही परवडत. म्हणून उत्तर वेगळंच निघालं: रस्सा उरवायचाच नाही. वाटण आणि मसाला परतून लहान डब्यांत, उथळ भरून, थंड करून फ्रिजमध्ये. सकाळी वीस लिटर, सहा वाजता नव्याने पंधरा. वाढताना मंद आचेवर ६५ च्या वर, तीनला उरेल ते टाकायचं. पहिल्या दिवशी चार लिटर टाकलं. आप्पांच्या चेहऱ्यावर भाऊबंदकीत जमीन गेल्याचं दुःख होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं लहान केलं.

पत्रात त्यामुळे ‘तात्काळ दूर केल्या’ हे वाक्य गेलं. त्या जागी आलं: हे का होत होतं (मोठं पातेलं, एकदाच शिजवणं), आता काय बदललं, रोज कोण बघतं, आणि पुरावा म्हणून रोजच्या नोंदीची पानं. फोटोही बदलला. हार-तसबीर आणि आप्पा बाजूला, परातीत सळई आणि तिच्यावरचा आकडा मध्यभागी.

मग राहिली फ्रिजची नोंदवही. अधिकाऱ्यांनी तिच्यावर लाल शेरा मारला होता आणि आप्पांना कारण कळत नव्हतं. ‘मना फ्रिज थंडाच शे भो!’ जून महिना मी उघडला. सकाळ ४, दुपार ४, रात्र ४. पुढच्या पानावर ४, ४, ४. एकाच पेनाने, एकाच दमात, एकाच तिरक्या हाताने. वीज गेली त्या दुपारी ४. हॉटेल सोमवारी बंद असतं, त्या सोमवारीही ४. त्यांच्या जुन्या फ्रिजची रबरपट्टी सैल होती. दुपारी दार सारखं उघडतं, तेव्हा खरा आकडा ९ यायचा. पण ९ लिहिणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं आप्पांच्या मुलाला वाटायचं. म्हणून वही भरायचं काम त्याने महिन्याच्या पहिल्या तारखेलाच उरकून टाकलं होतं. आता नवी रबरपट्टी बसवली आहे आणि नव्या वहीत एका दुपारी ९ आहे. पुढे लिहिलंय, ‘दार नीट लागलं नव्हतं, दही टाकलं, तासाने ५.’ ते पान आम्ही मुद्दाम वर ठेवलं.

एकच खुलासा लिहायचा राहिला होता. लाल शेरा नेमका जूनच्या शेवटच्या ओळीभोवती होता. ३१ जून, सकाळ-दुपार-रात्र, ४ अंश. ‘याचं काय लिहू?’ मी विचारलं.

आप्पांनी बराच विचार केला. ‘लिही ना भो, त्या दिवशी हॉटेल बंद होतं.’