घागर कोणी लवंडली?

माझे एक स्नेही इंग्रजी वाक्प्रचारांच्या बारशाला स्वतः जेवून आल्यासारखे बोलतात. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. त्यात घेवड्याचा काय संबंध, असं कोणी विचारायचा अवकाश, की स्वारी थेट अथेन्सला. तिथे म्हणे घागरीत पांढरे-काळे दाणे टाकून गुप्त मतदान होई. एकदा कोणीतरी घागर लवंडली, दाणे सांडले आणि निकाल फुटला!

गोष्ट फक्कड आहे. अथेन्समध्ये दाणे होतेही, पण अधिकारी सोडतीने निवडण्यासाठी. न्यायालयात मत द्यायला आधी खडे असत. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात काशाच्या चकत्या आल्या. काहींचा मधला दांडा भरीव, काहींचा पोकळ. पंचाने दांड्याची टोकं चिमटीत धरली, की कोणती चकती पडली ते शेजाऱ्यालाही कळत नसे. इतकी सावध माणसं घागर वाटेत ठेवतील?

त्यातून हा वाक्प्रचार छापलेला दिसू लागतो तो अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोही आधी 'बेत उधळणे' अशा अर्थाने. गुपिताचा अर्थ मागाहून रुळला. मग मधली दोन हजार वर्षं ते दाणे कुठे घरंगळत होते, यावर आमचे स्नेही चहा मागवतात.

'ब्रेक द आइस' म्हटलं की ते बर्फ फोडणारी मोठाली जहाजं काढतात. वाफेवरची तसली जहाजं एकोणिसाव्या शतकातली. वाक्प्रचार मात्र शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्येच भेटतो. तिथे त्याचा अर्थ अवघड कामाची वाट मोकळी करणे. गोठलेल्या नदीत पुढची होडी बर्फ फोडते, मागच्या निवांत येतात, तसं. अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवणे हा अर्थ पुढे चिकटला. आता त्यासाठी कंपन्या सभागृह भाड्याने घेतात आणि पन्नाशीच्या हिशेबनिसाला आवडता प्राणी विचारतात.

कथा खोटी निघाली म्हणून वाक्प्रचार टाकून द्यायचं कारण नाही. जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. माझा भाचा कडधान्य निर्यात करणाऱ्या कचेरीत आहे. तिथल्या साहेबांनी परदेशी गिऱ्हाइकाला ऐटीत कळवलं, की आमच्या एजंटाने नव्या दराबाबत 'बीन्स स्पिल' केले. गिऱ्हाइकाचं उलट टपाली उत्तर आलं: किती पोती सांडली, आणि विमा होता का? साहेब दोन दिवस न सांडलेल्या राजम्याचा खुलासा करत होते.

घरच्या गप्पांत, ओळखीच्या माणसांत हे वाक्प्रचार खुशाल वापरा. पण करारात, जबानीत, औषधाच्या सूचनेत, आणि ज्याची इंग्रजी आपल्यासारखीच शाळेत शिकलेली आहे त्याला लिहिताना आधी एक पाहा: समोरच्याने शब्दशः अर्थ घेतला तर काही बिघडेल का? बिघडणार असेल तर 'त्याने नवा दर सांगून टाकला' एवढंच लिहा. पोती शाबूत राहतात.