मुका डबा

मामाच्या दुकानात गल्ल्याशेजारी, उदबत्तीच्या स्टँडला चिकटून, एक निळा डबा बसलेला असतो. त्याचं खरं नाव साउंडबॉक्स, पण इंदापुरात त्याला सगळे डबाच म्हणतात. कुणी कोड स्कॅन केला की तो बाईच्या आवाजात सांगतो, ‘चाळीस रुपये प्राप्त झाले.’ मामा त्यावर ‘हां’ म्हणतो. दिवसाला दोनशे वेळा तो बोलतो, दोनशे वेळा मामा हुंकार भरतो. मामीचं म्हणणं, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, एवढं लक्ष देऊन माझं एक वाक्य ऐकलं नाही.

आमच्या बारामतीच्या मोरोपंतांनी एकच रामायण एकशे आठ प्रकारे लिहिलं. या डब्याचं उलट आहे, त्याला वाक्य एकच येतं. पण त्या एका वाक्यावर मामाचं दुकान चालतं, हे मला पालखीच्या दिवशी कळलं.

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण घेते, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. एसटीनं दीड-दोन तासांची वाट तिला तीन-चार दिवस पुरते. मी दरवर्षी बारामतीत दर्शन घेतो आणि मग एसटीनं पुढं जाऊन मामाच्या गल्ल्यावर पालखीची वाट बघत बसतो. मामाचं किराणा दुकान त्या दिवसापुरतं वारकऱ्यांचं होतं. प्लॅस्टिकचा कागद, रेनकोट, चपलांचे अंगठे, खडीसाखर, बुक्का, पायाला चोळायचं तेल, बिस्किटांचे पुडे, आणि अलीकडं मोबाईलच्या चार्जिंगच्या वायरी. वायरी सगळ्यात आधी संपतात.

सकाळी डबा छान बोलत होता. रिंगणाची वेळ जवळ आली, रस्ता टाळमृदंगानं भरला आणि दुकानापुढं चार पदरी गर्दी झाली. मामा पाठमोरा होऊन फळीवरून रेनकोट काढत होता. मागून कुणी तरी म्हणालं, “माउली, टाकले बघा.” मामा थांबला. कान टवकारले. डबा गप्प.

“टाकले का?”

“टाकले की. हिरवी टिक आली.”

मामा वळला. तो क्षण मी जवळून पाहिला. माणूस गिऱ्हाइकाकडं बघतो तसं तो बघत नव्हता, डब्याकडं बघत होता, जसं लग्नात भटजी मध्येच थांबले की सगळे त्यांच्याकडं बघतात. पुढच्या पाच मिनिटांत आणखी सहा जणांनी ‘टाकले’ म्हणून सांगितलं. डब्याला चापट मारून झाली, चार्जरची पिन फुंकून झाली, आवाज पूर्ण वाढवून झाला. शेवटची रक्कम पुन्हा ऐकवायचं एक बटण त्याला आहे, ते दाबलं तर सकाळचे ‘पंधरा रुपये’ खणखणीत आले. म्हणजे गळा शाबूत होता.

स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा शेजारचा पोरगा वारकऱ्यांना पाणी वाटत होता, त्याला ओढून आणलं. त्यानं डबा उलटा केला आणि हसला.

“मामा, ह्याला काय झालं नाय. टॉवरला झालंय.”

मग त्यानं समजावलं. डब्याच्या पोटात एक सिम असतं, तुमच्या-माझ्या मोबाईलमध्ये असतं तसंच. त्या सिमवरून डबा दिवसभर कंपनीशी एक बारीक धागा धरून असतो. पैसे आले की त्या धाग्यावरून फक्त एवढंच येतं: ह्या दुकानाला एकशे ऐंशी. आवाज वरून येत नाही. आमच्या डब्यात शब्द आधीच भरून ठेवलेले आहेत. ‘एकशे’, ‘ऐंशी’, ‘रुपये’, ‘प्राप्त झाले’ असे तुकडे जोडून तो वाक्य करतो. (मराठीत तर एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द. त्या बाईनं एकोणसत्तर आणि एकोणऐंशी न चुकता म्हणून ठेवले आहेत, याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे.) आज मात्र गावात एवढे मोबाईल आले होते, की टॉवरवर पंढरपूरसारखी दर्शनबारी लागली होती. डबाही त्याच बारीत उभा. त्याला व्हीआयपी पास नाही.

“मंग पैसं?” मामाचा मूळ प्रश्न तिथंच होता.

“पैसे वेगळ्या वाटेनं जातात. त्यांच्या बँकेतून तुमच्या बँकेत. बातमी नंतर निघती, दुसऱ्या वाटेनं.”

मामाला हे लगेच कळलं, कारण त्यानं मनीऑर्डरचा जमाना पाहिला होता. पैसे आजीच्या हातात पडायचे, आणि अंगठा उमटलेली पोच तेव्हा मुंबईत असलेल्या मामाला आठवड्यानं मिळायची. तो आठवडाभर मामा पैसे पोचले की नाही म्हणून झुरायचा. “म्हंजी पोच अडकलीय,” तो म्हणाला. पोरगा म्हणाला, “बरोबर.” पण लगेच त्यानं दुसरी बाजूही सांगितली. गिऱ्हाइकाच्या मोबाईललाही तीच बारी आहे, त्यामुळं काहींचे पैसेच निघालेले नसतील, काहींचे मध्येच लटकले असतील. आणि हिरव्या टिकेचं काय सांगावं? कालचा फोटोही दाखवता येतो, अशी टिक दाखवणारी खोटी ॲपसुद्धा फिरतात. खरं काय ते फक्त आपल्या बाजूच्या ॲपमध्ये दिसतं. तिथं मामाच्या मोबाईलवर एक गोल फिरत होता. बँकेचा मेसेज यावा, तर छोट्या रकमांचे मेसेज बँकेनं कधीच बंद केलेले.

पहिला उपाय माझ्या अंगाशी आला. डबा गच्चीवर नेला तर दूरच्या एखाद्या टॉवरला लागेल, असं पोरगा म्हणाला. मी डबा घेऊन गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीवर ठेवला, आणि खरंच तो मधूनमधून बोलू लागला. मग मी वरून ओरडायचो, “मामाऽ, साठ आले!” खालून मामा ओरडायचा, “कुणाचे?” आता हे डब्याला कुठं माहीत असतं? खाली तिघांनी साठ-साठ टाकले होते, तिघेही हात वर करायचे. अर्ध्या तासात माझा घसा बसला आणि मी डबा घेऊन खाली आलो.

दुसरा उपाय मामानं स्वतः काढला, आणि तो माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात शहाणा होता. त्यानं उधारीची वही उघडली. युपीआयनं पैसे गेले की देणाऱ्याच्या पडद्यावर बारा आकडी नंबर येतो. मामानं प्रत्येकाकडून त्याचे शेवटचे चार आकडे, रक्कम आणि वेळ लिहून घ्यायला सुरुवात केली. ज्याच्या पडद्यावर नंबरच नाही, नुसतं काहीतरी फिरतंय, त्याला “माउली, थांबा जरा, पुन्हा टाकू नका,” असं सांगायचं. पण हे सांगणं सोपं, ऐकणं अवघड. दिंडी पुढं निघालेली असते, पाय ओढत असतात, माणूस पुन्हा स्कॅन करतोच.

एरवी डब्याच्या भरवशावर मामा गिऱ्हाइकाचं तोंड बघत नसे. त्या दुपारी बघावं लागलं. चष्मा कपाळावर चढवून तो एकेकाचा मोबाईल हातात घेई, आकडे वाचे, मग गाव विचारी, मग कुठली दिंडी, रथापुढं की रथामागं. एक्केचाळीस ओळींची लांब यादी झाली. प्रत्येक ओळीत आकड्यांच्या पुढं त्यानं काहीबाही लिहून ठेवलं होतं. ‘परभणी, पायाला फोड.’ ‘फेटेवाले, सून शिक्षिका.’ हिशेबाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

रात्री अकराला गर्दी झोपली आणि मोबाईलमधला गोल थांबला. डबाही जागा झाला, पण दुपारचं काही बोलला नाही. आमच्या डब्याची कंपनी शिळी बातमी फेकून देत असावी. मामी, मी आणि मामा वही घेऊन बसलो. मी ॲपमधून आकडे वाचायचो, मामी टिक करायची. एक्केचाळीसपैकी अडतीस तिथल्या तिथं जुळले. एक जुळेना, तेव्हा वेळ आणि रक्कम लावून पाहिलं; मामानं ६ चा शून्य वाचला होता. राहिले दोन. एक साठ रुपयांचा, बिस्किटं आणि तेल. त्याच्यापुढं मामानं ‘नंबर आहे पण पडद्यावर अजून थांबा लिहिलंय’ असं टिपलं होतं. म्हणजे तो लटकलेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणं, गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि दुकानापर्यंत पोचले नाहीत, तर बँकेनं पाच दिवसांत आपणहून परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये वर द्यायचे. त्या माउलीचे साठ तिच्याकडं परत जाणार होते. बिस्किटं मात्र पंढरीला चालली होती.

दुसरा दोनशेवीसचा. रेनकोट. चार आकडे होते, पण तसला नंबर खात्यात कुठंच नव्हता.

“ह्यो खोटा,” मामी म्हणाली.

मामानं वही मिटली. “ज्यांची पालखी आहे तेबी वाणीच होते. देहूत दुकान होतं त्यांचं. लोकांकडची सगळी खतं इंद्रायणीत बुडवली म्हणत्यात. आपण एक रेनकोट बुडवू.”

“सगळी नाहीत,” मी म्हणालो. “भावाच्या वाटणीची भावाला दिली, आपल्या वाटणीची बुडवली, असं चरित्रात आहे.”

“मंग रेनकोट माझ्या वाटणीचा,” मामा म्हणाला. मामीनं त्याच्याकडं जे बघितलं त्यावरून वाटणी अजून व्हायची होती.

पण खातं अजून संपलं नव्हतं. वहीत नसलेली एक रक्कम वर उरली होती. एकशे ऐंशी. त्याच नावाचे चार मिनिटं आधी आलेले एकशे ऐंशी होतेच. गोल फिरताना बघून कुणीतरी दोनदा टाकले होते. मामानं वहीत बोट फिरवलं. ‘परभणी, पायाला फोड.’

दोनशेवीस बुडाल्याला जो माणूस हसला, तो या एकशे ऐंशींनी बेचैन झाला. सकाळी पालखी सराटीच्या वाटेला लागली, तेव्हा मोटारसायकल काढून मागं जावं का, असा त्याचा विचार चालला होता. रथामागची दिंडी त्याला आठवत होती, माणूसही आठवत होता. मी म्हणालो, “अहो मामा, ॲपमध्ये पैसे परत करायचं बटण आहे. ज्या खात्यातून आले तिथंच जातात.”

“नुसतं बटण? काय बोलायचं न्हाई?”

“काही नाही.”

मामानं चष्मा पुसला आणि ते बटण स्वतः दाबलं. मग सवयीनं मान तिरकी करून डब्याकडं कान दिला. रस्ता रिकामा होता, टॉवरला बारी नव्हती, डब्याचा हिरवा दिवा नीट लुकलुकत होता. तरी डबा गप्पच.

“पुन्यांदा बिघडला का काय रं?”

“नाही मामा. आलेलेच सांगतो तो. गेलेले नाही सांगत.”

मामानं डब्याकडं जरा वेळ बघितलं, उदबत्ती लावली, आणि कुणीच काही बोललं नसताना “हां” म्हणाला.