जुना मिहीर, नवा मिहीर

सांगलीच्या आमच्या आत्याकडे रात्री साडेदहा ते अकरा या वेळात फोन वाजला तर वाजू द्यायचा, असा दंडक होता. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि त्या दिवसापासून विराणी कुटुंब आत्याच्या बैठकीत राहायला आलं. आम्ही भाचरं सुट्टीत जायचो ती आंब्यांसाठी, पण आमची झोपायची जागा विराणींच्या वेळापत्रकावर ठरायची.

पहिल्याच वर्षात विराणींचा मुलगा मिहीर गेला. अपघात झाला, रडारड झाली, त्याच्या बायकोच्या, तुलसीच्या, अंगावर पांढरी साडी आली. आत्याने त्या रात्री दूध विरजायचं विसरून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ताकाविना जेवायला लावलं. म्हणजे घरात सुतक नव्हतं, पण होतंही. देशभर असंच काहीसं झालं असणार, कारण प्रेक्षकांचा गलका एवढा उठला की मालिकेला मिहीर परत आणावा लागला. तो मेलाच नव्हता, त्याची फक्त स्मृती गेली होती आणि मंदिरा नावाच्या डॉक्टरणीने त्याला सांभाळलं होतं. यमाकडून नवरा परत आणायला सावित्रीला तीन दिवस लागले. इथे काम प्रेक्षकांच्या हट्टावर झालं, आणि येताना नवरा एक सवतही घेऊन आला.

त्या धक्क्यातून शहाणी होऊन आत्याने काही नियम बसवले, ते पुढे कुठल्याही मालिकेला चुकले नाहीत. कोणी दरीत, नदीत किंवा स्फोटात गेलं तर रडायचं नाही, भाजी निवडत राहायचं. प्रेताचा चेहरा स्वच्छ दाखवला तरच माणूस गेला असं धरायचं, आणि तरीही जुळा भाऊ असण्याची शक्यता मनात ठेवायची. भिंतीवर फोटो लागला, त्याला हार चढला, पण बायको देवापुढे हट्टाने कुंकू लावत राहिली, तर दोन महिन्यांत माणूस दारात. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे आधी पाय दिसणे. उंबऱ्यावर बूट, मग हात, मग पाठ, मग घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा जाणारा कॅमेरा, आणि चेहरा मात्र उद्या. आत्या म्हणायची, “बघ, उद्या सोमवार नाही, मंगळवार आहे. सोमवारी पाय, मंगळवारी तोंड.”

मेलेला माणूस परत आणायला मालिकेला एवढी यातायात करावी लागते. दवाखाना, स्मृतिभ्रंश, कुणीतरी दुष्ट, एखादा साक्षीदार. महिनाभराची कथा त्यात खर्ची पडते. पण खरोखर अशक्य गोष्ट घडते तेव्हा मालिका एक अक्षर बोलत नाही. २००२ च्या सुमाराला अमर उपाध्याय मालिका सोडून गेले. थोडा काळ इंदर कुमार मिहीर झाले आणि मग रोनित रॉय आले. उंची वेगळी, आवाज वेगळा, चेहऱ्याचा एकही कोपरा जुळत नाही. आणि तुलसीने त्यांना “मिहीर” म्हणून हाक मारली, आजी बांनी आशीर्वाद दिला, सविताने मुलगा म्हणून जवळ घेतलं. जन्मदात्या आईला आपल्या मुलाचं नाक बदललेलं दिसत नाही, हा तिथला सर्वांत मोठा चमत्कार.

मराठी नाटकवाल्यांना हा प्रश्न जुनाच. पण तिथे निदान तिसऱ्या घंटेआधी सांगतात, की आज अमक्यांच्या जागी तमके भूमिका करतील. प्रेक्षागृहात जरा चुळबुळ होते, मागून कोणी “तिकिटाचे पैसे?” म्हणतं आणि पडदा उघडतो. मालिकेत फार तर पडद्याखालून एक पट्टी सरकते. बाकी सगळी लपवाछपवी आतल्या आत करायची. बैठकीतला लग्नाचा फोटो उतरवून नवा काढून लावायचा. शीर्षकगीताची दृश्यं पुन्हा चित्रित करायची. आणि मोठी अडचण म्हणजे आठवणी. तुलसीला लग्नाची आठवण येते म्हणून जुनं चित्रीकरण दाखवावं, तर त्यात परका माणूस हार घालतोय! मग बिचारीला लग्न आठवायचंच नाही, किंवा आठवलं तर नुसते हात, सात फेरे आणि अग्नी. इतकी वर्षं जमवलेली चित्रं एका राजीनाम्यात अडगळीत जातात. मेलेल्या पात्राची आठवण काढता येते, बदललेल्या पात्राची येत नाही.

उलटी सोयही त्याच मालिकेने केली. तुलसीने आपल्या हाताने मुलाला, अंशला, गोळी घातली. अंश गेला, आणि या वेळी खरोखर गेला. पण त्याचं काम करणारा आकाशदीप सहगल लोकांना आवडत होता. मग तो पुढे अंशचाच मुलगा एकलव्य म्हणून आला. म्हणजे मिहीर तोच पण चेहरा दुसरा, आणि अंशचा चेहरा तोच पण माणूस दुसरा. यात आत्याचा एकदाही गोंधळ झाला नाही. गोंधळ आमच्या काकांचा व्हायचा. ते मधूनच येऊन “हा तो मेलेला ना?” असं विचारायचे आणि त्यांना पाणी आणायला पाठवलं जायचं.

२००७ मध्ये स्मृती इराणी गेल्या आणि तुलसी म्हणून गौतमी कपूर आल्या, तेव्हा मात्र आत्या महिनाभर पाठ करून बसली. नवरा बदलला ते चाललं, पण तुलसी बदलली ते नाही चाललं. नवऱ्याकडे आपण इतकं कुठे निरखून बघतो, हे तिचं कारण होतं. पुढच्या वर्षी मालिका संपण्याआधी स्मृती इराणी परत आल्या, तेव्हा आत्याने खुर्ची पुन्हा टीव्हीकडे वळवली. आपल्या मराठीतही हाच खेळ झाला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया रसिका सुनीलची होती, २०१८ मध्ये ती ईशा केसकरची झाली आणि २०२० मध्ये परत रसिकाची. शनायाची ती जुनी-नवी अदलाबदल आत्याने सहज पचवली. खलनायिका आहे, तिला कुठलं तोंड असलं तरी चालतं, असं ती म्हणाली.

मेलेले परत येण्याचा खेळ परदेशातही झालाच. ‘डॅलस’ नावाच्या अमेरिकी मालिकेत बॉबी नावाचा नायक १९८५ मध्ये मेला आणि १९८६ मध्ये बायको झोपेतून उठली तर तो न्हाणीघरात शॉवरखाली उभा. मधलं अख्खं वर्ष तिचं स्वप्न होतं! हे मी आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि ज्यांनी वर्षभर जागून बघितलं, त्यांच्या झोपेचं काय?”

जुलै २०२५ मध्ये ‘क्यूंकि’ पुन्हा सुरू झाली. स्मृती इराणी तुलसी, आणि मिहीर म्हणून थेट अमर उपाध्याय. मधली कितीतरी वर्षं ज्या माणसाने मिहीरचा संसार केला, तो मधून नाहीसा झाला आणि घरात कुणी चौकशी केली नाही. लग्नाच्या जुन्या आठवणी मात्र पुन्हा दाखवायच्या झाल्या. आत्याचं वय आता ऐंशीच्या पुढे. चष्मा पुसून तिने पहिला भाग पाहिला आणि निकाल दिला, “जुनाच आहे. जरा थकलाय. पण एवढी वर्षं बाहेर होता ना.”

रोनित रॉय एखाद्या सिनेमात वकील किंवा पोलीस म्हणून दिसले, तर आमच्याकडे अजूनही आतल्या खोलीत हाक जाते, “अगं ये, नवा मिहीर लागलाय.”