गहाळ समेची फिर्याद

मेहेरबान गायनमास्तरसाहेब यांचे सेवेशी,

आमचे चिरंजीव आपल्या शाळेत इयत्ता चौथीत असून, भूप रागातील त्रितालाची जी सरगम आपण हल्ली वर्गास घातली आहे ती ते शाळेतून परतल्यापासून निजेपर्यंत गुणगुणत असतात. मुलाच्या गुणगुणण्याविरुद्ध अर्ज करणारा बाप अरसिक ठरतो हे मी जाणतो. म्हणून आरंभीच खुलासा करतो की, माझी फिर्याद सुरांविषयी नसून एका गहाळ मात्रेविषयी आहे.

आपली सरगम नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, उठते आणि आठ मात्रांची मजल मारून समेवरच्या गंधारावर विसावते, अशी तिची मूळ योजना असावी. चिरंजीव मात्र सोळावी मात्रा संपताच तोंड मिटतात, एक दीर्घ श्वास घेतात आणि दुसऱ्या मात्रेपासून पुढील गायन यथास्थित चालू करतात. ज्या एका क्षणासाठी तबलजी, गवई आणि श्रोते मान डोलावण्यास उत्सुक असतात, नेमका तोच क्षण आमच्या घरी रोज शेकडो वेळा हुकतो, आणि काळोखात जिन्याची शेवटची पायरी पायाखाली न सापडावी तशी घरातील प्रत्येकाची अवस्था होते. तीर्थरूप, ज्यांनी उभी हयात महालकरी कचेरीत हिशेबाच्या शिल्लका जुळवण्यात घालवली, ते आरामखुर्चीच्या हातावर बोटांनी मात्रा मोजीत बसतात आणि दर आवर्तनाला एक मात्रा येणे बाकी म्हणून हळहळतात.

अखेर सौभाग्यवतींनी एके सायंकाळी, पोळ्या लाटता लाटता, ती मोकळी जागा स्वतःच्या गंधाराने भरून काढली. चिरंजीव जागच्या जागी थांबले आणि सक्त नाराजीने म्हणाले, "आई, ते आपलं नाही. ते पेटीचं आहे!"

या एका जबानीने सर्व प्रकरणाचा उलगडा झाला. आठ मात्रांची ओळ एका दमात म्हणणे चौथीतील फुप्फुसांस अंमळ जड जाते. समेच्या तोंडाशी वर्गाचा दम सरतो, आणि त्याच क्षणी आपण उत्साहाने भाता दाबून गंधार असा दणदणीत वाजविता की, सारा वर्ग गात नाही हे खुद्द आपल्याही कानी येत नसावे. मुलांनी त्यावरून असा रीतसर करार गृहीत धरला आहे की, पंधरा मात्रा रयतेच्या आणि सम सरकारची. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीस मज्जाव केला तो तिच्यातून मींड निघत नाही म्हणून; आमच्या तीर्थरूपांच्या मते या दुसऱ्या आरोपाचीही तेव्हाच दखल घ्यावयास हवी होती.

प्रकरण एवढ्यावर मिटले असते तर हा कागद मी खर्ची घातला नसता. परंतु भूपाचा वादी स्वर गंधार. तो समेवरून उठून गेल्यामुळे ओळीचा सर्व भार धैवतावर येऊन पडला आहे, आणि तो स्वर गळ्यास सोयीचा वाटून चिरंजीव त्यावर मनसोक्त मुक्काम करू लागले आहेत. सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर घेऊन धैवतास गादीवर बसविले की देसकार होतो, हे आपणांस मी काय सांगावे? भातखंड्यांनी भूपास कल्याण थाटात आणि देसकारास बिलावल थाटात स्वतंत्र बिऱ्हाडे थाटून दिली असता, आमच्या घरी दिवेलागणीस, भूपाच्या ऐन वेळी, सकाळचा देसकार नांदू लागला आहे, आणि संध्येस बसलेले तीर्थरूप आपण प्रातःसंध्या करीत आहोत की सायंसंध्या, या विवंचनेत आचमन विसरतात.

सबब विनंती एवढीच की, पुढील तासास मुलांकडून पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेस टाळी आणि नवव्या मात्रेस खाली धरवून घ्यावी. बारावी मात्रा संपताना एक चोरटा श्वास घेण्याची परवानगी द्यावी, म्हणजे उरलेल्या चार मात्रा ओलांडून समेपर्यंत पोहोचण्यापुरता दम शिल्लक राहील. आणि सोळाव्या मात्रेस आपण भाता एकदम सोडून द्यावा. पुढे शांतता पसरली तर माझी फिर्याद खरी, आणि गंधार ऐकू आला तर ती काढून घेण्यास मी राजी आहे. मात्र या कामाचा निकाल लागेपर्यंत वर्गास नवीन सरगम देण्याचे मेहेरबानीने तहकूब ठेवावे, हे विज्ञापना.