मसुदेसर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण हर्णे बंदरापासून पाजपंढरीपर्यंत कुणालाही विचारा, ‘मसुदेसर’ म्हटल्याशिवाय ओळख पटायची नाही. हा माणूस तुमच्याही कचेरीत असणार. सामूहिक निवेदनाचा कागद टेबलाटेबलावरून फिरत येतो, सगळे पटापट सह्या ठोकतात आणि एका टेबलाशी येऊन कागद थबकतो. त्या टेबलामागचा माणूस नाही म्हणत नाही. ‘नाही’ हा शब्द मसुदेसरांच्या तोंडून कधी कुणी ऐकलेला नाही. ते चष्मा पुसतात, कागद दोन्ही हातांनी उजेडात धरतात आणि म्हणतात, “विषय रास्त आहे. मसुदा पक्का झाला की सही.”

संपलं. तो कागद आता रात्री त्यांच्या घरी मुक्कामाला जाणार आणि सकाळी लाल शाईत न्हाऊन परत येणार. ‘सविनय’ आणि ‘विनम्र’ एकाच वाक्यात कशाला? ‘तात्काळ’ नव्हे, ‘तत्काळ’. मागणी क्रमांक तीन आणि पाच या एकच आहेत. ‘अन्यथा आंदोलन छेडू’ असं लिहिलंय, पण छेडणार कोण, ते लिहा. शेवटी ‘मसुदा पक्का झाला की सही’ हे पुन्हा एकदा, समासात, बारीक अक्षरात.

बरं, दुरुस्त्या चोख असतात, हीच पंचाईत. चुकीच्या असत्या तर माणसाला सरळ फितूर ठरवता आलं असतं. पण रात्री अकरा वाजेपर्यंत जागून तुमच्या मागण्यांची भाषा सुधारणाऱ्याला फितूर कसं म्हणणार? उलट शिपाईमामा नव्या शिक्षकांना सांगायचे, “निवेदन मसुदेसरांनी लिवलाय हो, म्हणजे कागद भक्कम!” अशा रीतीने शाळेतल्या प्रत्येक निवेदनाचे जनक तेच आणि एकाही निवेदनावर जनकाची सही नाही.

त्यांचा पहिला नियम कोऱ्या जागेचा. सह्यांचा कागद आणि मजकुराचा कागद वेगळे असतील तर ते पेनाचं टोपणसुद्धा काढायचे नाहीत. “मजकुराच्या शेवटच्या दोन ओळी तरी सह्यांच्या पानावर यायला हव्यात. सह्या संपल्या की खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारा. प्रत्येक पानावर ‘तीनपैकी पान एक’ असं लिहा.” आम्ही हसायचो. मग एकदा निरोप समारंभाच्या वर्गणीसाठी सगळ्यांच्या सह्या घेतलेला एक कागद शाळेतून गायब झाला. तो सापडला तेव्हा एका पुढाऱ्याच्या अभिनंदनपत्राला टाचलेला होता आणि त्यात आम्ही सर्व शिक्षक त्या पुढाऱ्याच्या कार्याने भारावून गेलो होतो. एकटे मसुदेसर भारावलेले नव्हते. वर्गणी त्यांनीही दिली होती, सही मात्र ठेवून दिली होती.

दुसरा नियम क्रमाचा. “पहिली सही कुणाची?” हा प्रश्न ते इतक्या निरागसपणे विचारायचे की पहिली सही केलेल्याला घाम फुटायचा. कारण साहेब मजकूर वाचत नाहीत, पहिलं नाव वाचतात. आमच्या इतिहासाच्या बाईंनी यावर अक्सीर इलाज काढला. स्टाफरूमच्या खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसतो. तिकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “1755 साली कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. त्या काळातल्या इंग्रज खलाशांची एक युक्ती होती. कप्तानाविरुद्ध अर्ज केला की पहिलं नाव असणारा म्होरक्या ठरायचा आणि बंडाच्या आरोपात लटकायचा. म्हणून ते सह्या गोलाकार करायचे. वर्तुळाला पहिलं टोक नसतं.” लगेच कंपास आली, वर्तुळ आखलं आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळ्यांनी सह्या केल्या. मसुदेसरांची जागा राखून कागद त्यांच्यापुढे ठेवला. आता बोला!

मसुदेसरांनी कागद हळूहळू पूर्ण फिरवून पाहिला. “कल्पना उत्तम. पण कागद साहेबांच्या टेबलावर सरळ ठेवला की वरच्या बाजूला कुणाची सही येते? माणूस वरूनच वाचायला लागतो.” वरच्या बाजूला व्यायामशिक्षकांची सही होती. त्यांनी कागद निमूटपणे उलटा केला. मग खाली असलेल्या हिंदीच्या सरांची सही वर आली. ते निवेदन अजून फिरतंय.

तसा हर्णे गावात निवेदनांचा दुष्काळ नाही. इथे समुद्रानंतर सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे जेटीची मागणी. बोटी बाहेर नांगरून मासळी होड्यांतून किनाऱ्यावर आणायची आणि जेटीसाठी सह्या करायच्या, यात पिढ्या गेल्या. त्यानंतर पर्ससीन आलं, एलईडीचे दिवे आले. पर्ससीनवर राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने निर्बंध घातले, दिव्यांच्या झोतातल्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली आणि त्यानंतरही पारंपरिक मच्छीमारांना निवेदनं देत बसावं लागलं. त्या कागदांवर सही करणाऱ्याला काही तरी पणाला लावावं लागतं. ज्याच्याविरुद्ध अर्ज, तो कधी शेजारचाच बोटवाला असतो, कधी सोयरा. मसुदेसर म्हणायचे, “सही बघायची तर तिथली बघा. आपली म्हणजे हजेरीपटाची सवय.”

हे ऐकून डोकं फिरायचंच. पण खरी कसोटी लागली ती जादा तासांच्या वेळी.

दहावीचे जादा तास मुख्याध्यापकांनी शाळा सुटल्यावर ठेवले आणि अख्ख्या स्टाफरूमवर शोककळा पसरली. कारण उघड होतं. होड्या किनाऱ्याला लागतात, वाळूत मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव पुकारला जातो, ती नेमकी हीच वेळ. जूनजुलैच्या बंदीत दोन महिने सुक्यावर काढलेल्या माणसांना ऑगस्टात फळ्यासमोर उभं करून बाहेर पापलेटची बोली लावायची, ही क्रूरता आहे. दहावीच्या जादा तासांना विरोध करणारं पत्रक तयार झालं. विद्यार्थ्यांचा शारीरिक थकवा, बालमानसशास्त्र, लांबून येणाऱ्या मुलींची सुरक्षितता, राष्ट्राचं भवितव्य. लिलावाचा शब्दही नाही.

कागद मसुदेसरांकडे गेला. आम्हाला वाटलं, या वेळी मात्र सही होणार, कारण सुरमईचे कल्ले उचलून ती किती वाजता जाळ्यात आली ते सांगणारा हा माणूस. सकाळी कागद आला. भाषा चकाचक. कॅलेंडरवर छापावं अशा त्यांच्या अक्षरात स्वच्छ प्रत काढलेली. वर ‘योग्य मार्गे’, खाली प्रती कुणाकुणाला, आवक क्रमांकासाठी जागा, दोनपैकी पान एक. सही नाही. समासात पेन्सिलीने: ‘लांबून येणाऱ्या मुलींना मी विचारलं. त्यांना संध्याकाळ चालते, सकाळी गाडी नाही. खरं कारण लिहा. सुरमई लिहा. पहिली सही माझी.’

स्टाफरूममध्ये आगडोंब. “सुरमई कशी लिहिणार, सर? काही प्रतिष्ठा?” “मग प्रतिष्ठेची सही घ्या,” मसुदेसर म्हणाले. “मसुदा पक्का झाला की मी आहेच.”

पेन्सिलीची ओळ खोडून निवेदन गेलं, त्यांच्या सहीशिवाय. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावणं धाडलं ते मसुदेसरांना. आमच्या पोटात गोळा. सही न करणारा माणूस आत गेला की बाहेरच्यांचं काय होतं, हे प्रत्येक कचेरीला ठाऊक असतं. दार अर्धवट उघडं होतं. शिपाईमामा पाण्याचा पेला घेऊन तिथेच रेंगाळले, त्यामुळे पुढचा संवाद शब्दशः उपलब्ध आहे.

“यावर तुमची सही नाही. म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे. हे कुणी सुरू केलं?”

“अक्षर ओळखलंत ना? मसुदा माझा आहे.”

“मग सही का नाही?”

“त्यातला तिसरा मुद्दा मला पटलेला नाही. बाकीच्यांना पटलाय. त्यांना पटलेलं नीट लिहून देणं माझं काम. आणि सुरुवात कुणी केली ते मजकुरात नाही, म्हणून मलाही माहीत नाही.”

हे सांगून त्यांनी खिशातून स्वतःचा वेगळा अर्ज काढून टेबलावर ठेवला. त्यात साडेतीन ओळी होत्या. मला संध्याकाळी लिलावाला जायचे असते, तरी माझा जादा तास मधल्या सुट्टीनंतरच्या माझ्या मोकळ्या तासिकेत घ्यावा, ग्रंथालयाची तासिका मी शनिवारी भरून देईन. खाली सही. ठळक, पूर्ण नावाची, तारखेसह. मसुदेसरांना सही येते, हे शाळेला त्या दिवशी कळलं.

आमच्या निवेदनावर ‘विचाराधीन’ असा शेरा पडला. तो विचार अजून संपलेला नाही. मसुदेसरांचा अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. कारण बालमानसशास्त्राला ‘पाहू’ म्हणता येतं, पण भरून द्यायची तासिका समोर ठेवणाऱ्या माणसाला हो किंवा नाहीच म्हणावं लागतं. आठवड्याभरात स्टाफरूममधून एकामागून एक साडेतीन ओळींचे अर्ज जाऊ लागले. प्रत्येक अर्जाचा मसुदा कुणी तपासून दिला, हे सांगायला नको. बंदरावर त्या महिन्यात आम्ही सगळे समोरासमोर भेटू लागलो आणि एकमेकांविरुद्ध बोली चढवू लागलो, ते वेगळं.

एवढं झाल्यावर त्यांच्याबद्दल बरं बोलणं भाग आहे, म्हणून बोलतो. संपाच्या दिवसांत, मार्च 2023 मध्ये, जुन्या पेन्शनसाठी राज्यभर कर्मचारी बाहेर होते तेव्हा मसुदेसर त्या मागणीतून सुटलेले होते. ते 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीचे, त्यांची पेन्शन पक्की. आमच्या तरुण शिक्षकांची नव्हती. सह्यांचा कागद आला, त्यांनी वाचला, लाल पेन खिशातच ठेवलं आणि म्हणाले, “मागणी एका ओळीची आहे. काय दुरुस्त करणार?” सही केली नाही. म्हणाले, ज्यांचं जातंय त्यांच्या रांगेत माझं नाव शोभेला नको. मात्र वीस तारखेला संप मिटेपर्यंत रोज संपावरच्यांबरोबर बाहेर बसले. बुडालेल्या पगाराची चिंता करणाऱ्या एका तरुण शिक्षिकेला त्यांनी काय दिलं ते आम्हाला कळलं नाही, कारण त्याची त्यांनी पावती घेतली नव्हती. पावती न घेतलेला हा त्यांचा एकमेव व्यवहार.

यंदा ते निवृत्त झाले. मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. मी जीव ओतला. ‘ज्ञानतपस्वी’, ‘सर्वांना सोबत घेऊन चालणारे’, ‘संघटनेचे आधारस्तंभ’. चौकटीत बसवण्याआधी नजरेखालून घालावं म्हणून घरी पाठवलं. सकाळी लाल शाईत न्हाऊन आलं. ‘ज्ञानतपस्वी’ खोडलेलं. ‘आधारस्तंभ’ खोडलेलं. ‘सर्वांना सोबत घेऊन’ याच्यापुढे प्रश्नचिन्ह: कुठे? उरलं काय, तर नाव, रुजू झाल्याची तारीख, शिकवलेले विषय आणि त्यांनी स्वतः घातलेली एक ओळ, ‘मासळीची पारख बरी.’ खालच्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ. आणि रेघेच्या वर, आम्ही सगळ्यांनी करायच्या सह्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, ‘मजकूर मान्य’ असं लिहून मसुदेसरांची सही.