तू फक्त शब्दांत मांड

प्रत्येक घराण्यात एक आत्मचरित्रोत्सुक काका असतात. सहस्रचंद्रदर्शन तोंडावर आलेलं असतं आणि पुतण्याचं कधीकाळी एका दिवाळी अंकात काहीतरी छापून आलेलं असतं. काकांची मागणी तशी माफक. ‘मुद्दे मी देतो, तू फक्त शब्दांत मांड.’ मुद्द्यांचा कागद हाती येतो, त्यावर पाच ओळी: जन्म, मुंज, नोकरी, बढती, निवृत्ती. मधली वर्षं पुतण्याने भरायची. ‘वेळ नाही’ म्हणावं, तर ‘मला कुठे घाई आहे?’ हे तयार असतं. ‘मला जमणार नाही’ हा तर विनय समजला जातो आणि चहा पुढे येतो.

म्हणून नकार खऱ्या कारणानेच द्यावा. पुतण्याने लिहिलं की त्यातून काका निघून जातात आणि ‘खडतर परिस्थितीवर मात करून’ कोणीतरी भलताच गृहस्थ उरतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एखाद्या पदवीधर भाच्याने शब्दांत मांडली असती, तर आज ती कोणी उघडली असती का? यावर काका म्हणतील, हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’चं शब्दांकन अरुण साधूंनीच केलं ना! केलं, पण सांगायचं काम बाईंनी केलं होतं. नावातच आहे ते. शिवाय दुसऱ्याच्या लेखणीला एक धोका असतो. वाटणीत विहीर कोणाकडे गेली हे काकांनी लिहिलं तर ती आठवण ठरते, पुतण्याने लिहिलं तर धाकट्या पातीवर आरोप. मग काका हळूच म्हणतात, ‘ते त्यानं घातलं, मी नाही.’

मन राखायचं तर नकाराबरोबर कामही द्यावं. ‘काका, मी लिहिलं तर ते माझं होईल. तुम्ही बोला, मी फोनवर रेकॉर्ड करतो.’ आणि प्रश्न ‘तुमच्या जीवनाविषयी सांगा’ असा नसावा. त्याला भाषणच उत्तर येतं. काका पुण्याचे असतील तर विचारावं, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तुमची सायकल कुठे होती? सायकलीपासून सुरू झालेले काका तासाभराने शेजारच्या वाड्यातल्या गाईपर्यंत पोहोचतात आणि मुंज कुठेच येत नाही. हे जसंच्या तसं उतरवलं की पाच-सहा हजार शब्द सहज होतात. समारंभाच्या पाच मिनिटांना पाचशे पुरतात. काय ठेवायचं ते काकांनीच लाल पेनाने ठरवावं. ऱ्हस्व-दीर्घ पुतण्याने खुशाल सुधारावेत. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना लिहिताच येत नाही, त्यांचा लेखनिक जरूर व्हावं; बहिणाबाईंच्या ओव्याही दुसऱ्यांनीच उतरवून घेतल्या. पण पेन हाती येताच बहुतेक काका पहिल्यांदा विहीर खोडतात, आणि दोन दिवसांनी स्वतःच्या अक्षरात, समासात, ती पुन्हा लिहितात.