तक्रार निकाली, पाडा अंधारात

डहाणूच्या औष्णिक केंद्राची क्षमता ५०० मेगावॉट. त्यावर मुंबईची उपनगरं उजळतात. तलासरीतल्या एखाद्या पाड्यावर मात्र सोमवारी रात्री ९ वाजता फ्यूज उडाला, असं समजा. तक्रार नोंदवताच नंबराचा मेसेज येतो. झाला पहिला प्रतिसाद, शून्य मिनिटांत! मोजला गेला तो यंत्राचा वेग. माणसाने तक्रार कधी वाचली, हे कुठेच नाही. ११ वाजता शेरा पडतो, 'ग्राहकाचा फोन लागत नाही', आणि तक्रार बंद. निवारण दोन तासांत. (फोन लागणार कसा? चार्ज कशावर करायचा?)

मंगळवारी सकाळी ८ वाजता नवी तक्रार, नवा नंबर, घड्याळ पुन्हा शून्यावर. दुपारी ४ वाजता वायरमन खांबावर चढतो आणि २० मिनिटांत दिवे लागतात. हाताळणीचा वेळ एवढाच. आकडा खरा आहे, पण तो वायरमनच्या हातांचा. त्याच्या गळ्यात किती पाडे बांधलेत, ते त्यात येत नाही.

साहेबांच्या तक्त्यात सरासरी झकास. पाड्याचे १९ तास हवे असतील, तर दोन्ही नंबर एकाच ग्राहक क्रमांकाखाली लावून बघावेत. तो रकाना तेवढा छापायचा राहिला.